पृथ्वीचं सुटलेलं पोट

मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमाराला गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. माथ्यापासून थोडी खाली एक निळसर पांढरी चांदणी दिसेल. खात्री करायची तर सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा. आधी नारिंगी स्वाती लागते आणि त्याच बाकाने आणखी पुढे गेलं की ही चांदणी, चित्रा. आता हात लांब करून मूठ वळा आणि एका डोळ्याने बघा. मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश झाकते. चित्रेपासून पश्चिमेला, सूर्याच्या वर्षभराच्या वाटेवर, जवळजवळ अडीच मुठी मोजल्या की आकाशातली एक रिकामी जागा येते. तिथे तारा नाही, खूण नाही, काहीच नाही. पण 22 किंवा 23 सप्टेंबरला सूर्य बरोबर तिथे असतो आणि दिवस-रात्र समान होतात. हा शरद संपात.

आकाशात दोन मोठी वर्तुळं आहेत. एक, सूर्य वर्षभर ज्या वाटेने ताऱ्यांमधून सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. दुसरं म्हणजे पृथ्वीचं विषुववृत्त फुगवून आकाशाला टेकवलं तर उमटेल ते वर्तुळ. दोन्ही एकमेकांशी 23.4 अंशांनी तिरकी आहेत आणि दोनच ठिकाणी छेदतात. मार्चमधला छेद तो वसंत संपात, सप्टेंबरमधला शरद संपात.

आज चित्रा शरद संपाताच्या पूर्वेला सुमारे 24 अंशांवर आहे. ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कसने इसवी सनापूर्वी 130च्या सुमाराला हेच अंतर मोजलं. सूर्य आणि तारे एकाच वेळी दिसत नाहीत, मग मोजायचं कसं? त्याने चंद्रग्रहण गाठलं. ग्रहणात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि त्या तारखेला सूर्य कुठे असणार ते गणिताने ठाऊक असतं. म्हणजे त्या रात्री चंद्राचीही जागा नेमकी ठरली. मग चंद्रापासून चित्रेचं अंतर मोजायचं. त्याचं उत्तर आलं, चित्रा शरद संपाताच्या पश्चिमेला सहा अंशांवर. त्याच्या आधी दीडशे वर्षांपूर्वी टिमोखारिसने मोजलं तेव्हा हेच अंतर आठ अंश होतं. दोन अंशांचा हा फरक चूक म्हणून सोडून देता आला असता. हिप्पार्कसने तो सोडला नाही.

आपण त्याचीच बेरीज पुढे नेऊ. तेव्हा पश्चिमेला सहा, आता पूर्वेला चोवीस, एकूण तीस अंश. मधली वर्षं सुमारे 2150. म्हणजे एका अंशाला जवळपास 72 वर्षं. आधुनिक आकडा 71.6 आहे. दोन हजार वर्षांपूर्वी दुर्बिणीशिवाय घेतलेल्या एका मापातून इतकं जवळचं उत्तर निघतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. चित्रा जवळजवळ जागची हललेली नाही. सरकला तो संपात, पश्चिमेकडे. तो वर्षाला सुमारे 50 विकला सरकतो. अडीच सेंटिमीटरचं नाणं शंभर मीटरवर धरलं तर ते डोळ्याला जेवढं दिसेल, तेवढंच हे वर्षभराचं सरकणं. याला आपण संपातचलन म्हणतो.

महाराष्ट्रात हे चलन दरवर्षी जानेवारीत घराघरात येतं, फक्त कोणी त्याला नावाने ओळखत नाही. उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं आणि तिळगूळ मात्र 14 किंवा 15 जानेवारीला. पंचांगातली मकर रास ताऱ्यांना बांधलेली आहे आणि उत्तरायण संपाताला. इसवी सन 285च्या सुमाराला चित्रा बरोबर शरद संपातावर होती. चित्रा प्रमाण मानणाऱ्या पंचांगांच्या हिशेबाने तेव्हा दोन्ही एकत्र होती. तिथपासून संपात जो 24 अंश मागे गेला, तेवढं अंतर आज संक्रांत आणि उत्तरायण यांच्यात पडलं आहे. टिळक पंचांग ही सुरुवात रेवतीतल्या एका मंद ताऱ्यापासून धरतं, म्हणून त्यांची संक्रांत 10 जानेवारीला. अयनांशाच्या त्या वादात मी शिरत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. हा संपात सरकतो तरी कशाने?

याचं उत्तर पृथ्वीच्या पोटात आहे. पृथ्वीचं पोट सुटलंय. स्वतःभोवती फिरण्याने ती विषुववृत्तापाशी फुगली आहे. ध्रुवापासून केंद्राचं अंतर सुमारे 6357 किलोमीटर, विषुववृत्तापासून 6378. फरक एकवीस किलोमीटरांचा. साठ सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल केला तर आडवा व्यास उभ्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त भरेल. बोट फिरवूनही कळणार नाही. पण पृथ्वी नेमकी गोल असती तर सूर्य-चंद्रांना तिला पिळायला काही धरायलाच मिळालं नसतं. गुळगुळीत चेंडूला कुठूनही ओढा, तो नुसता ओढला जातो. पोटाची ही वळी म्हणजे त्यांच्या हातात सापडलेली मूठ आहे.

एक चित्र डोळ्यांसमोर आणू. सूर्य आणि पृथ्वी एका अफाट शांत तळ्यात निम्मे बुडून तरंगतायत. पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची पातळी. पृथ्वीचा आस तिरका आहे, म्हणून पोटाची वळी अर्धी पाण्याच्या वर आणि अर्धी खाली. ती पाण्याला जिथे कापते, त्या दोन दिशा म्हणजे दोन संपात.

आता डिसेंबर घ्या. उत्तर ध्रुव सूर्यापासून पलीकडे कललेला आहे. त्यामुळे वळीचा सूर्याकडचा भाग पाण्याच्या वर आणि पलीकडचा खाली. गुरुत्वाकर्षण अंतराने कमी होतं. जवळच्या भागाला सूर्य पृथ्वीच्या केंद्रापेक्षा थोडा जास्त ओढतो, दूरच्या भागाला थोडा कमी. केंद्राच्या तुलनेत बघितलं तर जवळचा भाग सूर्याकडे ओढला जातोय आणि दूरचा मागे राहतोय. दोन्ही मिळून पिळणारा जोर, म्हणजे टॉर्क, तयार होतो आणि तो वळीला पाण्याच्या पातळीत आडवं पाडायला बघतो. वळी आडवी पडणं म्हणजेच आस उभा होणं. सहा महिन्यांनी जूनमध्ये काय? वळीचा सूर्याकडचा भाग आता पाण्याखाली आहे आणि ओढ त्याला वर आणते. परिणाम पुन्हा तोच, आस उभा करण्याचा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य वळीच्याच पातळीत असल्यामुळे पीळ शून्य होतो. म्हणजे जोर कमी-जास्त होतो, कधी शून्यही होतो, पण उलटा कधीच होत नाही.

मग इतक्या अब्ज वर्षांत आस सरळ का झाला नाही? शाळेत या प्रश्नावर आम्हाला भोवरा दाखवला होता आणि 'फिरणारी वस्तू ढकललं त्या दिशेला जात नाही, काटकोनात जाते' एवढं सांगून विषय मिटवला होता. खरं आहे, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून भोवरा जरा बाजूला ठेवू आणि वळीवरच्या एका दगडाबरोबर फिरू.

तोच डिसेंबरचा दिवस. दगड पृथ्वीबरोबर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतोय. दुपारी बारा वाजता तो सूर्यासमोर आणि पाण्यापासून सर्वांत उंच आहे. काहीच ओढ नसती तर बरोबर सहा तासांनी, संध्याकाळी, तो पाण्यात शिरला असता. पण भर दुपारी सूर्य त्याला पाण्याकडे खाली खेचतोय. त्यामुळे तो खाली येताना अगदी केसभर लवकर पाण्याला लागतो, म्हणजे त्याची पाण्यात शिरण्याची जागा थोडी अलीकडे, पश्चिमेला, येते. पाण्यात शिरण्याची ही जागा म्हणजे संपातच की. दुसऱ्या दिवशी ती आणखी अलीकडे. संपात मागे सरकतो तो असा.

आणि तिरकेपणाचं काय? सकाळी दगड वर चढतोय तेव्हा खालची ओढ त्याची चढण सौम्य करते. दुपारनंतर तो उतरतोय तेव्हा तीच ओढ उतरण तीव्र करते. सकाळी जेवढं कमी झालं, तेवढंच दुपारनंतर वाढलं. तिरकेपणा तेवढाच राहतो, छेदाची जागा मात्र मागे जाते. 'काटकोनात जाते' म्हणतात त्याच्या पोटात एवढी साधी गोष्ट आहे. बदलायला जोर लावला एका जागी, पण दगड फिरता असल्यामुळे तो दिसला पाव फेरीनंतर, दुसऱ्याच जागी.

आता भोवऱ्याकडे या, कारण त्याच्याशी तुलना करताना पुष्कळ जण एका ठिकाणी फसतात. जाळी गुंडाळून भोवरा सोडा आणि तो आरेवर डुलायला लागला की बघा, डोकं त्याच्या फिरण्याच्याच दिशेने गोल घेतं. पृथ्वीचा आस मात्र तिच्या फिरण्याच्या उलट दिशेने गोल घेतो. कारण सोपं आहे. भोवऱ्याला वजन आडवं पाडायला बघतं, पृथ्वीला सूर्य-चंद्र उभं करायला बघतात. पीळ उलटा, म्हणून डुलणंही उलटं. पुस्तकातल्या चित्रात भोवरा आणि पृथ्वी शेजारी काढून दोन्हींचे बाण एकाच दिशेने दाखवलेले असले, तर चित्रकाराने हा विचार केला नाही असं खुशाल समजावं.

याच दिशेत आणखी एक पुरावा दडलेला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कासिनीच्या मोजणीवरून पृथ्वी ध्रुवांकडे लांबट, लिंबासारखी आहे असं मानणारा मोठा पक्ष होता. तो वाद 1736-37 मध्ये लॅपलँडला केलेल्या मोजणीने निकाली निघायला लागला. पण पृथ्वी लिंबासारखी असती तर सूर्याने तिची लांब टोकं आपल्या पातळीकडे ओढली असती, पीळ भोवऱ्यासारखा झाला असता आणि संपात पुढे सरकला असता. तो मागे सरकतोय हे हिप्पार्कसपासून ठाऊक होतं.

हा सगळा विचार पहिल्यांदा न्यूटनने 1687च्या 'प्रिन्सिपिया'त मांडला, आणि त्याची वाट राहू-केतूंवरून जाते. चंद्राची कक्षा आपल्या तळ्याच्या पातळीशी पाच अंशांनी तिरकी आहे. चंद्र पाण्याला कापतो त्या दोन जागा म्हणजे राहू आणि केतू. आपल्या दगडाला लागलेली सूर्याची ओढ चंद्रालाही लागते, म्हणून राहूही मागे सरकतो; चंद्र मोकळा असल्यामुळे भराभर, 18.6 वर्षांत पूर्ण फेरी. न्यूटन म्हणाला, आता एक चंद्र घेण्याऐवजी चंद्रांचं अख्खं कडं घ्या. ते पृथ्वीला टेकेपर्यंत आवळा. मग पृथ्वीला चिकटवून टाका. कडं अजूनही मागे सरकायला बघणार, पण आता त्याला सगळी पृथ्वी ओढत न्यायची आहे, म्हणून गती मुंगीची. हे चिकटवलेलं कडं म्हणजेच पोटाची वळी.

कल्पना देखणी होती, आकडे मात्र त्याने जुळवून आणले होते. उत्तर पन्नास विकला आलं पाहिजे हे ठाऊक होतं आणि ते आलं, पण चंद्राचा वाटा त्याने सूर्याच्या साडेचार पट धरला होता. खरा हिशेब आपणही करू शकतो. पिळायला लागते ती ओढ नव्हे, तर जवळच्या आणि दूरच्या ओढीतला फरक. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, हा फरक घनाने. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे 2 कोटी 70 लाख पट, पण अंतर सुमारे 390 पट. 390चा घन जवळपास 5 कोटी 90 लाख. सत्तावीसला एकोणसाठाने भागा. सूर्याचा पीळ चंद्राच्या निम्म्याहूनही कमी येतो. म्हणजे वर्षाच्या पन्नास विकलांतल्या सुमारे चौतीस चंद्राच्या आणि सोळा सूर्याच्या. निर्दोष गणित 1749 मध्ये फ्रेंच गणिती दालांबेर याने केलं.

चंद्राचा वाटा मोठा असल्याची खूण वर्षभर आधीच, 1748 मध्ये, इंग्लंडमध्ये ब्रॅडलीने जाहीर केली होती. सुमारे वीस वर्षं काही तारे चिकाटीने मोजल्यावर त्याला दिसलं की पृथ्वीचा आस गोल फिरताना मानही हलवतो. मधल्या जागेपासून इकडे-तिकडे नऊ विकला, आणि एका झोक्याला साडेअठरा वर्षांहून किंचित जास्त. म्हणजे राहूची फेरी. राहू फिरतो तशी चंद्राची कक्षा विषुववृत्ताशी कधी 28 अंशांहून अधिक तिरकी होते, कधी 18च्या जवळ येते. त्याबरोबर पीळही बदलतो, आणि आस त्या तालावर मान डोलावतो.

कारण माहीत असण्याचा उपयोग काय, हे आपल्याच परंपरेत चांगलं दिसतं. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहून ठेवलं की पूर्वी दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून सुरू होई, आता कर्केच्या आरंभापासून होतं. बदल दिसला होता. पण तो पुढे चालू राहणार की परत फिरणार? 'सूर्यसिद्धान्त' म्हणतो की संपात झोक्यासारखा 27 अंश इकडे आणि 27 अंश तिकडे जातो. नुसत्या निरीक्षणावरून हे खोटं म्हणता येत नव्हतं. झोक्याच्या मधल्या भागात उभ्या असलेल्या माणसाला झोका आणि सरळ चाल सारखीच दिसते. आज आपण चोवीस अंशांवर आहोत. झोक्याचं खरं असेल तर दोन-सव्वादोनशे वर्षांत संपात थांबून उलट फिरायला हवा. फिरणार नाही, कारण वर बघितलं तसं पीळ डिसेंबरातही त्याच दिशेचा आणि जूनमध्येही त्याच दिशेचा. परत ढकलणारं कोणी नाही. संपात पूर्ण फेरी मारणार, सुमारे 25,800 वर्षांत.

आता शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. संपात किती वेगाने सरकेल हे दोन गोष्टींवर ठरतं. पोट किती सुटलंय, म्हणजे पिळायला किती मिळतं; आणि पृथ्वीला तिच्या फिरण्यातून हलवणं किती जड जातं. दुसरी गोष्ट वजन आत कुठे आहे यावर अवलंबून. सायकलचं चाक हातात धरून फिरवलंत तर आस वळवताना ते हाताला झटका देतं, कारण त्याचं वजन कडेला आहे. तेच वजन मधल्या नळीत असतं तर तेवढ्याच वेगाने फिरूनही चाक सहज वळलं असतं.

पोटाचा मोजता येणारा परिणाम कृत्रिम उपग्रहांनी दिला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची तिरकी कक्षा या वळीच्या ओढीने सरकते, राहू सरकतो तशीच, आणि ती किती सरकते ते रोज मोजता येतं. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून हे माप हाताशी आलं. ते आणि संपाताची गती शेजारी ठेवली की पृथ्वीला वळवणं किती जड आहे ते निघतं. आतून-बाहेरून सारख्या घनतेच्या गोळ्यासाठी तो आकडा 0.4 असतो. पृथ्वीचा येतो 0.33. म्हणजे वजन कडेला नाही, मध्यभागी गोळा झालंय. आत कवचापेक्षा कितीतरी जड गाभा आहे.

पोट हेच ठेवून पृथ्वी आतून एकसारखी असती तर तिला वळवायला जास्त जड गेलं असतं आणि संपाताला एका अंशासाठी 72 ऐवजी सुमारे 87 वर्षं लागली असती. हिप्पार्कसपासून आजवर तो तीस अंशांऐवजी पंचवीसच सरकला असता. पुन्हा गच्चीवर जाल तेव्हा हात लांब करून मधली तीन बोटं जोडून चित्रेजवळ धरा. ती रुंदी पाच अंशांची. चित्रा संपातापासून आज जिथे आहे, त्यातलं एवढं अंतर आपल्या पायाखाली तीन हजार किलोमीटर खोल असलेल्या लोखंडामुळे पडलेलं आहे.